घास अडकेल म्हणून न जेवणारी मुलगी: आर्फिड कसा ओळखायचा, ॲनोरेक्सियापासून वेगळा कसा करायचा आणि घरच्यांच्या हातून उपचार कसे आखायचे

सईचं वय 11. पाच महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला पेरूची फोड तिच्या घशात अडकली. कुणीतरी पाठीत थापट्या मारल्या, फोड बाहेर आली, दोन मिनिटांत सगळं मिटलं. त्या रात्री तिने भाकरी खाल्ली नाही, वरणभात खाल्ला. आठवड्याने भातही मऊच हवा झाला. महिन्याने पोळी, उसळ, भाजी, फळं सगळंच बंद झालं आणि उरलं दूध, पातळ वरण, घोटलेली खिचडी, चहात बुडवून पार मऊ केलेलं बिस्किट आणि आइस्क्रीम. माझ्याकडे आली तेव्हा 30 किलोवरून 26 किलोवर उतरली होती. आजीच्या मते नजर लागली होती, काकांच्या मते लाड झाले होते, एका डॉक्टरांनी भूक वाढवणारं सिरप दिलं होतं आणि आईने मोबाईलवर वाचून ठरवलं होतं की हा ॲनोरेक्सिया, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं सोडण्याचा आजार आहे.

(सई हे नाव खरं नाही. मी पाहिलेल्या दोन-तीन मुलांचे तपशील एकत्र करून ही एक मुलगी उभी केली आहे.)

आईची शंका चुकीची होती, पण मूर्खपणाची मुळीच नव्हती. वजन घटलेलं, जेवताना रडारड, पोरगी वयात येण्याच्या उंबरठ्यावर. बाहेरून दोन्ही आजार सारखेच दिसतात. आतून मात्र ते वेगळे आहेत आणि घरच्यांनी काय करायचं हे त्या फरकावर अवलंबून आहे.

आर्फिड म्हणजे काय, थोडक्यात

पूर्ण नाव अव्हॉयडंट रिस्ट्रिक्टिव्ह फूड इनटेक डिसऑर्डर. 2013 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत ते पहिल्यांदा आलं. त्याआधी बाळांच्या आणि लहान मुलांच्या खाण्याच्या विकारांसाठी एक वेगळा कप्पा होता. तो सहा वर्षांच्या आत सुरू होणाऱ्या त्रासापुरता होता, त्यामुळे सईसारखी मोठी मुलं कुठेच नीट बसत नसत.

मूल खाणं टाळतं त्यामागे साधारण तीन कारणं असतात. पहिलं, अन्नाचा वास, रंग, पोत सहन होत नाही. दुसरं, भूकच लागत नाही, खाण्यात रसच नसतो. तिसरं, खाल्लं तर काहीतरी वाईट होईल, अडकेल, उलटी होईल, पोट दुखेल ही भीती. सईचं हे तिसरं. एकाच मुलात दोन कारणं मिसळलेली असणंही नेहमीचंच.

पण नुसतं खाण्याचे चोचले म्हणजे आर्फिड नव्हे. त्यामुळे वजन घटलेलं किंवा वाढ थांबलेली हवी, किंवा रक्तात मोठी कमतरता हवी, किंवा मूल नळीवर नाहीतर पोषक पावडरीवर जगत असायला हवं, किंवा घराचं-शाळेचं जगणं त्यापायी विस्कटलेलं हवं. यांतलं एक तरी असलं पाहिजे. शेवटच्या मुद्द्याकडे लोक दुर्लक्ष करतात. वजन ठीक असलेलं, अगदी गुटगुटीत मूलसुद्धा आर्फिडचं असू शकतं. घरात अन्नच पुरेसं नाही किंवा घरी उपास पाळतात म्हणून मूल कमी खातं, तर तो आर्फिड नाही.

आधी शरीर तपासायचं

मानसिक कारण डोळ्यांसमोर दिसत असलं तरी ही पायरी गाळायची नाही. सईच्या बाबतीत पेरूची गोष्ट इतकी स्पष्ट होती की मलाही मोह झाला होता.

बालरोगतज्ज्ञांना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: घास खरोखरच अडकतो का? ज्या मुलाला दमा, इसब किंवा ॲलर्जी आहे, जे घट्ट अन्न फार वेळ चावतं, प्रत्येक घासाबरोबर पाणी पितं आणि घास घशात नव्हे तर छातीत अडकतो असं सांगतं, त्याच्या अन्ननलिकेलाच ॲलर्जीची सूज असू शकते. ते दुर्बिणीच्या तपासणीशिवाय कळत नाही. वजन का घटलं याची इतरही कारणं धुंडाळावी लागतात: क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिॲक आजार, जुना बद्धकोष्ठ. सिलिॲकची रक्ततपासणी करायची असेल तर ती मूल गहू खात असतानाच करायची. गहू बंद करून महिन्यांनी केली तर निकाल फसवा येतो. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलट्या होत असतील तर मेंदूची तपासणी आधी. चंचलतेसाठी मूल मिथाइलफेनिडेट घेत असेल तर भूक त्यानेही मरते.

रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, बी-12, डी जीवनसत्त्व आणि क्षार पाहिले जातात. वर्षानुवर्षं एकही फळ किंवा भाजी न खाणाऱ्या मुलात सी जीवनसत्त्वाची आठवण ठेवायची. पाय दुखतात, मूल लंगडतं, हिरड्या सुजतात, आणि हाडांच्या डॉक्टरांकडे फेऱ्या सुरू होतात. स्कर्व्ही हा आजार पुस्तकातच राहिला आहे असं डॉक्टरांनाही वाटतं.

आता घरी उपचार चालतील की दाखल करावं लागेल, ते ठरवायचं. शांत बसलेलं असताना दिवसा नाडी मिनिटाला 50 च्या खाली, उभं राहिल्यावर भोवळ, अंग गार पडणं, पाणीसुद्धा बंद होणं, किंवा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, त्या वयाच्या मधल्या आकड्याच्या 75 टक्क्यांखाली, यांतलं काहीही असेल तर आधी रुग्णालय. बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने खाली येतं आणि हृदयावर संकट येऊ शकतं. म्हणून अशा मुलाचं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम खाणं वाढवण्याआधी आणि पहिले एक-दोन आठवडे तपासत राहतात. उत्साहाच्या भरात घरी शिरा-लाडूंचा मारा करणाऱ्या आज्यांना हे समजावून सांगावं लागतं.

सईची उंची 140 सेंटिमीटर, वजन 26 किलो, म्हणजे बीएमआय 13.3. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 11 वर्षांच्या मुलीचा मधला बीएमआय 17.2 आहे. म्हणजे ती 77 टक्क्यांवर होती. नाडी 64, क्षार ठीक, फेरिटिन आणि बी-12 कमी. काठावरची, पण घरी उपचार करता येतील अशी, दर आठवड्याला डॉक्टरांना दाखवण्याच्या अटीवर.

मग फरक: ताटात काय उरतं ते पाहा

"तुला जाड होण्याची भीती वाटते का?" हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो सगळ्यात कमी उपयोगाचा आहे. दहा-अकरा वर्षांचं मूल ही भीती शब्दांत मांडू शकत नाही, किंवा मांडायची नाही इतकं त्याला कळतं. शिवाय आपल्याकडचा एक खास घोळ आहे. हाँगकाँगचे मानसोपचारतज्ज्ञ सिंग ली यांनी 1990 च्या दशकात दाखवून दिलं की तिथल्या ॲनोरेक्सियाच्या अनेक मुली जाडेपणाचा उल्लेखच करत नव्हत्या. पोट फुगतं, भूक नाही, जेवण जात नाही, एवढंच त्या म्हणत. भारतातल्या मुलीही असंच बोलतात. म्हणून मुलीच्या तोंडी भीती नाही एवढ्यावरून आर्फिड म्हणू नये.

मी शब्दांऐवजी ताट पाहते. सात दिवस मूल काय खातं आणि काय सोडतं, ते आईवडिलांना लिहून आणायला सांगते. ॲनोरेक्सियाची मुलगी आधी तूप सोडते, मग भात-बटाटा, मग गोड. काकडी, ताक आणि सफरचंद शेवटपर्यंत टिकतात. सईच्या यादीत नेमकं उलटं होतं. सायीचं दूध चालायचं, आइस्क्रीम चालायचं, तूप घातलेली खिचडी चालायची. काकडी, सफरचंद आणि कोरडी पोळी मात्र नको. तिची विभागणी मऊ आणि घट्ट अशी होती, हलकं आणि जड अशी नव्हती. पोताचा त्रास असलेल्या मुलाची यादी आणखी वेगळी दिसते: पांढरा भात, एकाच कंपनीची बिस्किटं, एकाच दुकानातला वेफर, आणि हे दोन-तीन वर्षांच्या वयापासून. पुडा बदलला की बिस्किटही बंद.

दुसरी खूण वजनाच्या काट्यावर. वजन वाढलं हे सांगितल्यावर मुलाचा चेहरा आणि त्या दिवशीचं रात्रीचं जेवण, दोन्ही पाहायचं. सईचं वजन 300 ग्रॅम वाढलं तेव्हा ती हसली आणि घरी जाताना आइस्क्रीम मागितलं. ॲनोरेक्सियात वजन वाढल्याच्या दुसऱ्या दिवशी ताट रिकामं होत नाही.

तिसरी खूण जेवणाबाहेरची. आरशासमोर तासन् तास, सैल कपडे, जिना उगाच चढणं-उतरणं, अभ्यास उभ्याने, स्वतः न खाता दुसऱ्यांसाठी पदार्थ करणं, डबा शाळेत टाकून देणं, जेवल्यावर बाथरूमला जाणं: यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली की माझा कल बदलतो. यासाठी मुलाशी एकटं बोलायला लागतं. आईसमोर मुली खरं सांगत नाहीत.

एक मेख लक्षात असावी. दोन्ही निदानं एकाच वेळी करत नाहीत. शरीराच्या आकाराची भीती असेल तर तो आर्फिड नाही. पण आर्फिडने वजन घटलेल्या मुलीला शाळेत कुणी "किती बारीक झालीस, छान दिसतेस" म्हटलं आणि ते तिला आवडू लागलं, तर आजार कूस बदलू शकतो. म्हणून ताटाची ही चाचणी एकदा करून थांबायचं नाही, दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करायची.

घरच्यांना एका जागी बसवणं

कुटुंबाच्या आधाराने करायचे हे उपचार 1980 च्या दशकात लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात आकाराला आले, ॲनोरेक्सियाच्या किशोरवयीन मुलींसाठी. तिथे या पद्धतीचा पुरावा भक्कम आहे. आर्फिडसाठी स्टॅनफर्डचे जेम्स लॉक आणि इतरांनी ती बदलून घेतली, पण तिच्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत. हे मी पालकांना आधीच सांगते, म्हणजे दोन महिन्यांत काही हललं नाही तर ते स्वतःला दोष देत बसत नाहीत.

मूळ कल्पना साधी आहे. आजार कुणामुळे झाला हे शोधत बसायचं नाही. मूल आत्ता खाण्याचे निर्णय घेऊ शकत नाही, म्हणून ते काही काळ आईवडील घेतात, आणि मूल सावरलं की ते टप्प्याटप्प्याने परत देतात.

पहिल्या बैठकीला घरात राहणारे सगळे लागतात. सईच्या घरी आईबाबा, आजी आणि धाकटा भाऊ होते. मी तक्ता समोर ठेवून वाढीची रेषा कुठे वळली ते बोटाने दाखवलं. आर्फिडमध्ये ही पायरी विशेष अवघड जाते. ॲनोरेक्सियात बदल डोळ्यांत भरतो, घर हादरतं. आर्फिडमध्ये घर हळूहळू जुळवून घेतं. वेगळी खिचडी होते, लग्नाला जाणं टळतं, डब्यात तेच ते जातं, आणि सहा महिन्यांनी कुणालाच ते विचित्र वाटत नाही. म्हणून मी घरच्यांना विचारते: तिच्यासाठी तुम्ही काय काय करणं सोडलंत, काय काय नवीन सुरू केलंत? सईच्या आईने नोकरीची वेळ बदलली होती, कारण दुपारचं दूध दुसऱ्या कुणाच्या हातून ती घेत नव्हती.

आजाराला नाव देणं हा पोरखेळ वाटतो, पण भीती आणि मूल यांत फट पाडायला तो उपयोगी पडतो. सईने नाव ठेवलं "अडक्या". त्यानंतर "तू का खात नाहीस?" याऐवजी "अडक्या आज काय म्हणतोय?" असं विचारता येऊ लागलं. आजीला हे शिकवायला दोन आठवडे लागले. शिकल्यावर मात्र ती सगळ्यांत पक्की झाली.

मग जेवणाचे नियम ठरवायचे. एका जेवणाला एकच माणूस सूत्रं हाती घेतो. सकाळी आई, रात्री बाबा. आजी त्या वेळी शेजारी बसते, पण "दोन घास खा गं बाई" म्हणत नाही. मोबाईल आणि टीव्ही बंद. जेवणाला अर्धा तास, खाऊला 15-20 मिनिटं, मग ताट उचलायचं, न रागावता. आमिष, धमकी, नाक दाबून भरवणं सपशेल बंद. भीतीच्या आर्फिडमध्ये जबरदस्तीने भरवलेला एक घास महिनाभराचं काम वाया घालवतो, कारण घास खरोखरच अडकू शकतो आणि अडक्याला साक्षीदार मिळतो.

वजनाचं ध्येय आणि ताटाचा हिशोब

पालक म्हणतात, गेलेलं वजन आलं की झालं. तसं नाही. पाच महिन्यांत सईची उंचीही वाढली होती. आजारी पडण्यापूर्वी ती मधल्या बीएमआयच्या साधारण 93-94 टक्क्यांवर चालत होती. आताच्या उंचीला त्याच रेषेवर बसवायचं तर साधारण 31.5 किलो लागतील, म्हणजे साडेपाच किलो. आठवड्याला 300 ग्रॅमने गेलं तर 18 आठवडे. हा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला की कुणी तिसऱ्या आठवड्यात निराश होत नाही. आणि उंची वाढत जाईल तसं ध्येयही पुढे सरकतं.

इथे ॲनोरेक्सियाच्या आणि आर्फिडच्या आखणीत मोठा फरक आहे. ॲनोरेक्सियात मुलीला पदार्थ निवडायला दिला तर निवड आजार करतो, म्हणून सुरुवातीला ताट पूर्णपणे आईवडील वाढतात आणि तूप-भात लगेच परत आणतात. आर्फिडमध्ये मुलाला चालतात त्या पदार्थांतूनच आधी वजन चढवायचं, आणि विविधता त्याच्यामागून आणायची. पुढची पायरी कोणती हे ठरवताना मुलाचं मत घ्यायचं. दोन्ही कामं एकदम सुरू केली की दोन्ही फसतात, हे मी अनुभवाने शिकले.

सईचं खाणं दिवसाला जेमतेम 1000 कॅलरी होतं. तिच्या वयाला 2000 च्या आसपास लागतात आणि भरून काढायचं असेल तर त्याहून जास्त. आहारतज्ज्ञांनी पटकन वाढ केली नाही, दर दोन-तीन दिवसांनी साधारण 200 कॅलरी चढवल्या. खाणं सहा वेळा. वाटी तीच ठेवून आतलं दाट केलं: पातळ वरणात दोन चमचे तूप म्हणजे 90 कॅलरी, गाईच्या दुधाऐवजी म्हशीचं पेलाभर दूध म्हणजे 200 च्या आसपास, केळ्याच्या शिकरणीत साय, घोटलेल्या खिचडीत दाण्याचं अगदी बारीक वाटण. प्रत्येक गोष्ट तिला सांगून घातली. चोरून घालायचं नाही. एकदा खिचडीत काही लपवलेलं सापडलं की सुरक्षित पदार्थही यादीतून जातो, आणि पोताच्या आर्फिडमध्ये तर तो परत येतच नाही.

दूध हा सापळाही आहे. आई खूश होऊन दिवसाला लिटरभर देते, पोट भरतं, जेवण जात नाही आणि लोह आणखी घसरतं. सईचं दूध आम्ही अर्ध्या लिटरवर थांबवलं आणि तेही जेवणानंतर. पोषक पावडरीचं तसंच: ती जेवणावर जोड म्हणून द्यायची. भुकेचं सिरप तिला कामाचं नव्हतं, कारण भूक तिला लागत होतीच.

जिना

चौथ्या आठवड्यात वजन सलग वर जात होतं, तेव्हा आम्ही घट्ट पदार्थांकडे वळलो. आधी सईला घसा कसा काम करतो ते समजावलं. गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं. खोकला आला म्हणजे हवा जाते आहे, शरीर आपलं काम करतं आहे. ठसका आणि अडकणं एक नव्हे, हे तिला कागदावर चित्र काढून दाखवलं तेव्हा पटलं.

मग तिच्याकडूनच यादी करून घेतली, प्रत्येक पदार्थासमोर भीतीचा आकडा, 0 ते 10. घोटलेली खिचडी 1. न घोटलेला मऊ भात 3. दुधात कुस्करलेली पोळी 4. वरणफळं 5. आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडा 6. कोरडी पोळी 8. पेरू 10. आठवड्याला एकच पायरी, आणि ती रोज एकदा, पाच-सहा दिवस. दुपारच्या खाऊच्या वेळी, म्हणजे मुख्य जेवण बिघडत नाही. सुरुवात एका घासाने. ठरलेला घास खाल्ला की संपलं; "आणखी एक खा ना" म्हणायचं नाही, नाहीतर उद्याचा करार ती मानणार नाही. ॲनोरेक्सियात मात्र उलट, मुलगी जेवढं खायला तयार असते त्यापेक्षा एक घास जास्त भरवायला पालकांना शिकवतात. एका घरात ऐकून दुसऱ्या घरात वापरला तर हाच सल्ला विष होतो.

पायरी चढली का, हे खाल्लेल्या घासांवरून मोजायचं नाही. लपलेले आधार मोजायचे. सई प्रत्येक घास 40 वेळा चावायची, प्रत्येक घासावर पाणी प्यायची आणि आई शेजारी असेल तरच खायची. पोळी पोटात गेली, पण हे तिन्ही तसेच राहिले, तर भीती तिथेच आहे. म्हणून प्रत्येक पायरी दोनदा चढली: आधी आधारांसह, मग एकेक आधार काढून. पाणी दोन घासांनंतर, मग तीन घासांनंतर. आई आधी शेजारी, मग ओट्यापाशी, मग बाहेरच्या खोलीत.

पोताचा त्रास असलेल्या मुलात हा जिना वेगळा असतो. तिथे भीतीचा आकडा नाही, ओळख वाढवायची असते: ताटात ठेवणं, बोट लावणं, वास घेणं, जिभेला टेकवणं, मग बारीक तुकडा. एकाच पदार्थाची दहा-पंधरा वेळा चव घेतल्याशिवाय आवडत नाही म्हणू नये. तिथे नवा पदार्थ जुन्याचा सख्खा भाऊ असावा: साधा भात, मग तूपभात, मग जिरेभात. स्वमग्नता असलेल्या मुलांत हे काम महिन्यांचं नव्हे, वर्षांचं असतं, आणि दहा नवे पदार्थ हेच मोठं यश.

कुठे अडकतं

दोन आठवडे सलग वजन वाढलं नाही की आखणीत काहीतरी गळतं आहे, हे नक्की. सईचं सातव्या आठवड्यात थांबलं. नोंदी तपासल्या तर शाळेचा डबा तसाच परत येत होता आणि आजी तो मुकाट्याने धुऊन ठेवत होती, मुलगी रागावू नये म्हणून. आम्ही वर्गशिक्षिकेशी बोललो: डबा त्यांच्या नजरेसमोर, पण वर्गापासून वेगळं बसवून नाही, आणि डब्यात फक्त जमलेल्या पायरीचा पदार्थ. नवीन काही शाळेत नको.

वडील बाहेरगावी असतात अशा घरांत सगळा भार आईवर येतो आणि ती तिसऱ्या महिन्यात खचते. अशा वेळी मी एक जेवण तरी दुसऱ्याच्या नावावर लावते, ते थोडं वाईट झालं तरी चालेल. उपासाचा प्रश्नही येतो. वजन रेषेवर येईपर्यंत मुलाला कुठलाही उपास नाही, एकादशी असो वा श्रावणी सोमवार.

आणि मूल जेवल्यावर गुपचूप ओकत असेल, वजन वाढताना चिडत असेल, जिन्यावरचे मऊ पदार्थ सोडून हलके पदार्थ मागू लागलं असेल, तर थांबून पुन्हा निदानाकडे जायचं. मग सगळा हिशोब बदलतो.

या पद्धतीत तयार झालेले उपचारक आपल्याकडे थोडे आहेत. बहुतेक ठिकाणी बालरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ आणि मुलांसोबत काम करणारा मानसतज्ज्ञ, अशी तिघांची गाठ आपणच बांधावी लागते. तिघांनी दर आठवड्याला एकाच वहीत लिहिणं हे त्यांच्या एकत्र बैठकीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. जवळ कुणीच नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक फिरवून जिल्ह्यातली मानसिक आरोग्य सेवा कुठे मिळेल ते विचारता येतं.

सूत्रं परत देणं

पंधराव्या आठवड्यात सई 30.4 किलोवर होती आणि कोरडी पोळी खात होती. तेव्हा आम्ही तिला एक निर्णय परत दिला: दुपारचा खाऊ तिने निवडायचा आणि स्वतः घ्यायचा. दोन आठवडे वजन टिकलं, मग डबा, मग रात्रीचं वाढून घेणं. एका वेळी एकच. वजन 200 ग्रॅमने खाली गेलं तर शेवटचा निर्णय पुन्हा आईबाबांकडे, शिक्षा म्हणून नव्हे, पुढच्या आठवड्यापुरता. हे आधीच सांगितलेलं असलं की भांडण होत नाही.

बावीसाव्या आठवड्यात ती 31.8 किलोची होती. पेरू मात्र तिने खाल्ला नाही. बियांशिवाय, सालाशिवाय, पातळ फोडी करूनही नाही. बाबांना ते अपुरं काम वाटत होतं. मी म्हटलं, राहू द्या. पेरूवाचून कुणाचं काही अडत नाही, आणि तिच्या यादीतला 10 आता 6 झाला आहे.

शेवटच्या भेटीत घरच्यांनी एक कागद फ्रिजला लावला: सर्दी-खोकला झाला, उलटी झाली किंवा ठसका लागला तर तीन दिवस मऊ खाणं चालेल, चौथ्या दिवशी आधी चढलेल्या पायरीपासून सुरुवात, आणि आठवड्यात ती पायरी परत आली नाही तर फोन. दिवाळीनंतर तिला ताप आला, घसा सुजला, आणि ती तीन दिवस पेजेवर होती. चौथ्या दिवशी आजीनेच दुधात पोळी कुस्करून तिच्यासमोर ठेवली आणि एक शब्दही न बोलता बाहेरच्या खोलीत जाऊन बसली.